स्टिकर जावा, नक्षी राहावी
(भिंतीवरचा डाग फोटोतून काढून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

बारशाचा फोटो असतो. पाळणा, फुलांच्या माळा, आई-बाळ सगळं छान आलेलं असतं. फक्त मागच्या वॉलपेपरवर थोरल्यानं चिकटवलेला कार्टूनचा स्टिकर तेवढा डोळ्यांत खुपतो. "मोबाइलवर काढून बघितला हो, पण तिथं धुकं पसरल्यासारखं दिसतंय," असं म्हणत बरेच जण आमच्याकडे येतात.

त्या धुक्याचं कारण असं. डाग घालवणारा `Healing Brush` आजूबाजूचा रंग आणि उजेड घेऊन डागाच्या जागी मिसळून टाकतो. साध्या रंगाच्या भिंतीवर हे काम झकास होतं, आणि तिथं आम्हीही तोच वापरतो. पण डागाच्या कडेला हिरवं पान आणि पिवळसर भिंत एकमेकांना लागून असली, की तो दोन्हींची सरमिसळ करतो. पानाची कड विरघळते आणि ओल्या रंगावरून बोट फिरवल्यासारखा फराटा उठतो. म्हणून नक्षीवर रंग मिसळायचा नाही. तीच नक्षी फोटोत दुसरीकडे जशी आहे तशी उचलून आणायची.

आता कुठून उचलायची, हा खरा प्रश्न. अलीकडचाच एक फोटो घेऊ. वेलीच्या नक्षीचा वॉलपेपर, खिडकी डावीकडे, आणि फोटो थोडा तिरका काढलेला. स्टिकर साधारण 140 पिक्सेल रुंद होता. तेच पान उजवीकडे दोनदा, वर एकदा दिसत होतं. उजवीकडचं जवळ असलं तरी ते घेऊन चालणार नव्हतं. खिडकीपासून लांब असल्यामुळे तिथली भिंत काळपट होती, आणि तिरक्या फोटोमुळे नक्षीही लहान होत गेली होती: आधीच्या दोन पानांतलं अंतर 248 पिक्सेल, पुढच्या दोघांतलं 236. वरचं पान मात्र त्याच उभ्या ओळीतलं होतं. खिडकीपासूनचं अंतर तेच, आकारही तोच. ते बरोबर 310 पिक्सेल वर होतं, म्हणून तिथून घेतलं. कॅमेरा वर-खाली कललेला नसेल तर उभ्या ओळीतला तुकडा बहुतेक वेळा चपखल बसतो.

स्टिकरपेक्षा बराच मोठा तुकडा वेगळ्या लेयरवर, म्हणजे फोटोवर ठेवलेल्या वेगळ्या थरावर घेऊन स्टिकरवर ठेवला आणि लेयरचा मोड `Difference` केला. या मोडमध्ये खालची आणि वरची नक्षी जुळली, की तेवढा भाग काळा दिसतो. पहिल्यांदा पानांच्या कडांना उजळ रेघा दिसत होत्या. बाणाच्या बटणानं तुकडा एक पिक्सेल डावीकडे सरकवला, आणि स्टिकरभोवतीचं सगळं जवळजवळ काळं झालं. मग मोड परत `Normal`.

त्यानंतर तुकड्याचा फक्त स्टिकर झाकणारा भाग ठेवून बाकीचा मास्कनं लपवला. इथं दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे स्टिकरच्या अगदी काठावर कापणं. स्टिकरची कड किंचित उचललेली असते आणि तिची बारीक सावली भिंतीवर पडते. ती राहिली, तर स्टिकर गेला तरी त्याचं भूत दिसत राहतं. म्हणून आम्ही काठापासून पाच-सहा पिक्सेल बाहेर जातो. दुसरी चूक म्हणजे मास्कची कड फार मऊ ठेवणं. मग जोडावर दोन्ही नक्षी अर्धवट दिसतात आणि वेलीची रेघ दुहेरी होते. दोन-तीन पिक्सेलचा मऊपणा पुरतो. वरचा तुकडा किंचित उजळ वाटला, तर फक्त त्या लेयरला उजेड कमी-जास्त करणारं `Curves` लावून त्याचा उजळपणा उतरवतो.

घरी मिळालेलं काम तुम्हीही तपासू शकता. फोटो 100 टक्के आकारात उघडा आणि वेलीची एक रेघ डोळ्यांनी धरून स्टिकरच्या जागेवरून जा. ती कुठं अडखळली किंवा जाड झाली, तर जोड नीट बसलेला नाही. वॉलपेपरवरचा एखादा ओरखडा वर आणि खाली अगदी एकसारखा दिसला, तर तुकड्याबरोबर तोही आलाय. तो आम्ही सगळ्यात शेवटी काढतो, आणि तो पानांमधल्या मोकळ्या जागेत असेल तर तिथं `Healing Brush` बिनधास्त चालतो.

काही कामांना मात्र आम्ही आधीच अडचण सांगतो. हातानं काढलेल्या वारली चित्रावर डाग असेल, तर त्या आकृतीची हुबेहूब जोड भिंतीवर दुसरीकडे नसतेच. झाकलेला भाग आम्ही अंदाजानं रंगवू शकतो, पण तो मूळ चित्र नसेल. अशा वेळी त्याच भिंतीचा डाग पडण्याआधीचा एखादा जुना फोटो घरात मिळतोय का, ते आधी बघा.

आणि एक विनंती. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीनं तो लहान होऊन येतो, बारीक रेघांभोवती चौकोनी ठिपके उठतात, आणि मग एका पानाची कड दुसऱ्या पानाशी पिक्सेलभर अचूक जुळवायची म्हटलं तरी ती कड नेमकी कुठं आहे तेच कळत नाही.