सव्वासहाचा प्रश्न : कोकणातल्या नोकरदार आईबापांच्या अपराधीपणाची पार्श्वभूमी

ओरोसच्या सिंधुदुर्गनगरीत संध्याकाळी सहा वाजून सतरा मिनिटांनी मशीनवर अंगठा लावून एखादी बाई पर्स उचलते, तेव्हा शेजारच्या टेबलावरून प्रश्न येतो, "निघालात?" विचारणाऱ्याच्या मनात फारसं काही नसतं. तरीही ती थांबते आणि सांगते, "हो, पाळणाघर साडेसहाला बंद होतं ना." वेळ संपून दोन मिनिटं झालेली असतात, कारण कुणी मागितलेलं नसतं, तरी ते दिलं जातं. हे कारण द्यावंसं का वाटतं, त्यामागे कोकणातल्या घराची आणि सरकारी घड्याळाची बरीच जुनी गोष्ट आहे.

कोकणातल्या घराची रचना पिढ्यानपिढ्या एका गृहीतावर उभी होती. कमावता पुरुष मुंबईत, गिरणीत किंवा गोदीत. आणि घरी सासू, जाऊ, मोठी नणंद. तो मनीऑर्डर पाठवायचा, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. जनगणनेतही हे दिसतं : २०११ सालीसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेवर स्त्रिया होत्या. अशा घरात मूल सांभाळणं हे एका माणसाचं काम नव्हतंच. आई भातलावणीला गेली तरी ओटीवर कुणीतरी असायचंच. कष्ट अमाप होते, पण 'मुलाला आणायला कोण जाणार' हा प्रश्न त्या घरात उभा राहत नव्हता.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि नोकरी स्वतः कोकणात आली. मुख्यालय मात्र जुन्या कुठल्या शहरात न ठेवता ओरोसजवळ महामार्गालगत नव्यानं वसवलं. त्यामुळे तिथं काम करणारे बरेचजण कुडाळहून दहा-बारा, कणकवलीहून वीसेक किलोमीटर ये-जा करतात. सून नोकरीला लागली, बदलीच्या गावी बिऱ्हाड झालं, सासू मात्र वाडीतच राहिली, कारण तिथं गोठा, कलमं आणि देवघर होतं. घरातली माणसं पांगली, पण कार्यालयाची वेळ अजूनही घरी कुणीतरी आहे असंच धरून चालत होती.

मग २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा होता. आता सगळेच शनिवार मोकळे झाले. त्या बदल्यात रोजची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा ठरली. मुंबईबाहेरची आधीची वेळ दहा ते पावणेसहा होती. म्हणजे सकाळची पंधरा मिनिटं आणि संध्याकाळचा अर्धा तास गेला. शनिवार मिळाला हा फायदा खराच, आणि तो पालकांनाही झाला. पण संध्याकाळचा अर्धा तास सगळ्यांसाठी सारखा नसतो. नोव्हेंबर-डिसेंबरात इकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. पावणेसहाला सुटलेली आई उजेडात घरी निघायची. सव्वासहाला सुटलेली दिवेलागणीनंतर निघते. तिन्हीसांजेला पोर दुसऱ्याच्या दारात असणं कोकणी मनाला अजून बोचतं. कार्यालयातून लवकर निघाल्याची टोचणी आणि घरी उशिरा पोचल्याची टोचणी, दोन्ही एकाच सव्वासहाच्या आहेत.

कायद्यानं पालकांचा विचार केला नाही असं नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराची तरतूद होती. सुरुवातीला पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथं, आणि १९७६च्या दुरुस्तीनंतर तीसपेक्षा जास्त असतील तिथं. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं रजा २६ आठवड्यांची केली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाण्याची मुभा दिली. पण कोकणातली बँकेची शाखा, पतपेढी किंवा छोटा काजू कारखाना क्वचितच पन्नासपर्यंत पोचतो.

सरकारी नोकरीत बाल संगोपन रजा आली. केंद्रानं ती सप्टेंबर २००८ पासून दिली, एकूण ७३० दिवस. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये १८० दिवस दिले. मूल अठराचं होईपर्यंत, वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने. राज्यात ती स्त्री कर्मचाऱ्यांना आहे; पुरुषाला पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळलेली असेल तरच. ही रजा आधी अर्ज करून मंजूर करून घ्यायची असते आणि ती दहावीच्या परीक्षेला किंवा मोठ्या शस्त्रक्रियेला उपयोगी पडते. दुपारी तीनला पाळणाघराच्या बाईंचा फोन येतो, "अंग तापलंय, घेऊन जा," तेव्हा मात्र या १८० दिवसांतला एकही दिवस कामाला येत नाही. तिथं हाताशी असतात त्या वर्षाच्या आठ किरकोळ रजा, आणि साहेबांची मर्जी.

माझ्या मते गाठ इथेच आहे. महिन्यांच्या गैरहजेरीची नोंद कागदावर होते, तासाची होत नाही. नोंद नसलेला तास उपकारात जमा होतो, आणि उपकाराची परतफेड कधी झाली हे कुणालाच सांगता येत नाही. "बरंय तुमचं" हे तीन टेबलं पलीकडून आलेलं वाक्य त्या थकलेल्या उपकाराचंच असतं. सहकाऱ्यांची बाजूही खोटी नाही. पदं रिक्त असतात. एक टेबल रिकामं झालं की त्याचं टपाल शेजारच्याकडे सरकतं.

हे सगळं एकत्र अंगावर येतं ते जुलैत. हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाची शक्यता. तो आला की जिल्हाधिकारी शाळा-अंगणवाड्यांना सुट्टी जाहीर करतात. आदेश कधी रात्री नऊला, कधी पहाटे व्हॉट्सॲपवर येतो. सुट्टी मुलांना असते, कार्यालय चालूच असतं. उलट आपत्ती व्यवस्थापनामुळे हजेरी जास्तच लागते. बहुतेक वर्षी त्याच सुमारास विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन असतं. तारांकित प्रश्नाची माहिती 'आजच, तातडीने' मागवणारा ईमेल दुपारी चारला येतो आणि कुणालातरी आठपर्यंत बसावं लागतं. आणि नेमकी तेव्हाच वाडीत लावणी असते, त्यामुळे आजीला बोलावताही येत नाही.

समजा, आई ओरोसच्या जिल्हा कार्यालयात लिपिक, वडील कणकवलीच्या तालुका कार्यालयात, बिऱ्हाड कुडाळात आणि मूल चार वर्षांचं. पावसाळ्यात शाळेच्या चार सुट्ट्या पडल्या आणि तीन दिवस ताप आला. एकूण सात दिवस. सहसा सातही दिवस आईच घेते. तिच्या आठांतली एक उरते आणि गणपती अजून पुढे असतात. किरकोळ रजा अर्जित रजेला जोडता येत नाही, म्हणून चतुर्थीला सगळेच दिवस अर्जित टाकावे लागतात, तेही जेव्हा अख्खं कार्यालय रजा मागत असतं तेव्हा. ओरोसमध्ये तिच्या नावावर सात गैरहजेऱ्या दिसतात, कणकवलीत त्याच्या नावावर एकही नाही. घर एकच, पण ठपका एकाच कार्यालयात जमा होतो.

हेच सात दिवस अर्ध्या-अर्ध्या दिवसांत वाटले तर प्रत्येकाचे साडेतीन जातात आणि साडेचार उरतात. अडचण येते ती दुपारी, अदलाबदलीच्या वेळी. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. आई सकाळी घरी थांबली आणि वडील दीडला कणकवलीतून निघाले, तर पावसात कुडाळला पोचेपर्यंत सव्वादोन होतात. मग ती ओरोसला पावणेतीनला टेकणार. उलटं केलं तरी एकाला उशीर होतोच. म्हणून मध्ये पाऊण-एक तास शेजारच्या काकूंकडे मूल ठेवण्याचं जूनमध्येच बोलून ठेवायचं. अख्खा दिवस मागायला जीभ रेटत नाही, पाऊण तास मागता येतो. पाळणाघराच्या बाईंनाही तेव्हाच विचारावं की शाळेला सुट्टी असताना पूर्ण दिवस घेणार का, दर काय, आणि वीज गेली किंवा रस्त्यावर पाणी आलं तर काय. बहुतेक ठिकाणी हे पहिल्या रेड अलर्टच्या सकाळी कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

कार्यालयात काय कळवायचं, यावरही पुढचं बरंच ठरतं. "बाळाला बरं नाही, येऊ शकत नाही, सॉरी" या निरोपात सहकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याला फाइल शोधावी लागते आणि राग तिथं येतो. त्याऐवजी आदल्या रात्री असं लिहावं : 'उद्या पूर्वार्ध किरकोळ रजा. तारांकितचा मसुदा तयार आहे, डाव्या ट्रेमध्ये. सात तालुक्यांची आकडेवारी आली, देवगडची बाकी, त्यांना बारापर्यंत सांगितलंय. अडीच-पावणेतीनपर्यंत पोचते.' मुलाच्या तापाचं वर्णन यात नको. ते जितकं लांबतं तितकं ते माफी मागितल्यासारखं वाटतं, आणि ऐकणाऱ्यालाही आपण माफ करणारे आहोत असं वाटू लागतं. दुपारी तातडीनं जावं लागलं तर हालचाल नोंदवहीत निघण्याची वेळ लिहावी आणि परत येणं होणार नसेल तर अर्ध्या दिवसाचा अर्ज तेव्हाच द्यावा. 'जा तुम्ही, मी बघतो' असं साहेब म्हणाले तरी. त्या वेळी ते बरं वाटतं. मार्चमध्ये गोपनीय अहवालाच्या दिवसांत त्याच तोंडी परवानगीची कुणालाच आठवण राहत नाही.

अधिवेशनाच्या आठवड्यांत उशिरा बसण्याची पाळी आधीच लिहून लावता येते. वडील संध्याकाळी मुलाला सांभाळू शकतात तो वार आईनं स्वतःहून घ्यायचा, समजा गुरुवार. मग बाकीचे चार दिवस ती सव्वासहाला निघते तेव्हा "निघालात?" ला "हो, उद्या भेटू" एवढं उत्तर पुरतं, कारण गुरुवार भिंतीवर तिच्या नावासमोर असतो. पाळी लावली नाही तर जो उठत नाही तोच बसतो, आणि ते सहसा लग्न न झालेलं एखादं पोरगं असतं. त्याच्या गप्प राहण्यात नाराजी असेल तर ती रास्त आहे.

या सगळ्या आकडेमोडीच्या बाहेर राहतात ते कंत्राटी आणि बाह्यस्रोतामार्फत आलेले कर्मचारी. बाल संगोपन रजा त्यांना नाही. तीनला फोन आला आणि डाटा एंट्री करणारी बाई उठली, तर तिचा त्या दिवसाचा पगार कापला जाऊ शकतो. त्याच खोलीत, त्याच भिंतीवरच्या पाळीच्या कागदावर तिचंही नाव असतं. ते नाव लिहिताना तिला कोणता वार चालेल हे बहुतेक ठिकाणी विचारलेलं नसतं.