तेल सुटंना!

परवा रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. ती संभाजीनगरला खोली घेऊन शिकते आणि गेल्या महिन्यापासून डबा बंद करून स्वतः करून खाते. "मामा, पाऊण तास झाला परतायले, तेलच सुटंना. मसाल्यातनं तेल निघायला किती वेळ लागतो?"

तिच्या प्रश्नातच गफलत होती, आणि ती गफलत तिची एकटीची नाही. कांदा-टोमॅटोच्या मसाल्यातून तेल 'निघत' नाही, कारण त्यात तेल नसतंच. कांद्यात साधारण ८८ टक्के पाणी, टोमॅटोत ९४ टक्के पाणी, उरलेल्यात साखर, आम्ल आणि चोथा. कढईच्या कडेला जे लाल तेल दिसतं ते आपणच फोडणीला घातलेलं असतं. मधल्या वेळात ते दिसेनासं होतं, म्हणून ते नव्यानं आल्यासारखं वाटतं. मग प्रश्न असा की ते जातं कुठं, आणि परत कशामुळं येतं?

कांदा तेलात परतताना तेल स्पष्ट दिसत असतं. वाटलेला टोमॅटो पडला आणि दोन-चार वेळा उलथणं फिरलं की ते गायब होतं आणि कढईत एकजीव केशरी लगदा दिसू लागतो. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत हे आपण शाळेत शिकलो, पण इथं ते येतात, कारण तिसरं कुणीतरी मध्ये पडतं. उकळी आणि उलथणं मिळून तेलाचे बारीक थेंब करतात. कांदा-टोमॅटोच्या पेशींच्या भिंतींचे तुकडे, थोडी प्रथिनं आणि पेक्टिन, म्हणजे ज्याच्यामुळं जॅम घट्ट होतो तोच पदार्थ, त्या थेंबांभोवती जमतात. थेंबाला जणू सालपट येतं. दोन थेंब जवळ आले तरी ही सालपटं आणि मधलं घट्ट पाणी त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. याला इमल्शन म्हणतात. दूधही तेच आहे, पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे थेंब.

आता दुधाचंच उदाहरण पुढं नेऊ, कारण आपल्याकडं घराघरात ते होतं. साय घुसळताना आधी पाण्यात स्निग्ध असतं. घुसळता घुसळता स्निग्धाचे गोळे एकमेकांना चिकटतात, आणि एका क्षणी सगळं उलटतं. लोण्यात पाणी असतं, पण ते आता स्निग्धात अडकलेल्या थेंबांच्या रूपात. बाहेरचा आत गेला, आतला बाहेर आला. मसाल्यात तेल सुटतं तेव्हा हीच उलथापालथ होते. फरक इतकाच की लोण्यात ती घुसळून होते आणि कढईत पाणी उडवून. पाणी आटत गेलं की तेलाच्या थेंबांना दूर राहायला जागा उरत नाही. त्यांच्यामधला पाण्याचा पडदा पातळ होत होत फाटतो, थेंब जुळतात. इकडं शिजलेल्या चोथ्याचे कण आकसतात आणि उरलेलं पाणी पोटात धरून बसतात. ज्याला बाहेर जागा मिळते ते तेल, आणि आता तेच सगळीकडं सलग पसरतं. कडेला चमकणारं तेल म्हणजे हा उलटा झालेला संसार.

म्हणून खरा हिशोब तेलाचा नसून पाण्याचा आहे. चार माणसांच्या भाजीसाठी तीन मध्यम कांदे, म्हणजे ३०० ग्रॅम, आणि चार टोमॅटो, म्हणजे ४०० ग्रॅम घेतले, तेल चार मोठे चमचे, सुमारे ५५ ग्रॅम. कांद्यातलं पाणी २६४ ग्रॅम, टोमॅटोतलं ३७६, एकूण ६४०. पाणी वगळून उरलेला माल फक्त ६० ग्रॅम! तेल सुटायला यातलं साधारण ५०० ग्रॅम पाणी उडावं लागतं. पाणी तापवणं सोपं, उडवणं महाग. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सातपटीहून जास्त ते उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. अर्धा लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ११३० किलोज्यूल, त्यात सगळा माल तापवण्याचे दोनशेच्या आसपास धरा. मध्यम आचेवर कढईला प्रत्यक्षात मिळणारी उष्णता १ किलोवॅट, म्हणजे सेकंदाला १ किलोज्यूल मानली, तर १३०० सेकंद होतात. बावीस मिनिटं. आठ-दहा मिनिटं कांद्याची, बारा-तेरा टोमॅटोची. आईनं कधी घड्याळ पाहिलं नाही, पण तिचा वेळ हाच असायचा.

भाचीचा घोटाळा इथंच निघाला. करपू नये म्हणून तिनं आच इतकी बारीक ठेवली होती की पाणी उडेचना, आणि वर झाकण. झाकणाला लागलेली वाफ पुन्हा कढईत ठिबकते. टोमॅटो मऊ करायला पहिली पाच मिनिटं झाकण ठीक आहे, पुढं ते काढायलाच हवं. शिवाय तिनं कांदा अर्धवट असतानाच टोमॅटो घातला होता. टोमॅटो आंबट असतो आणि आम्लात पेक्टिन लवकर विरघळत नाही, त्यामुळं कच्चा कांदा नंतर कितीही शिजवा, कुरकुरीतच राहतो. तो टोमॅटोआधीच मऊ आणि तांबूस व्हायला हवा. कांद्यावर चिमूटभर मीठ आधी टाकलं तर ते पाणी ओढून घेतं आणि तो लवकर मऊ पडतो.

आता सर्वांत कामाचा भाग. कढईत पाणी भरपूर आहे तोवर तापमान उकळीच्या वर जात नाही, आच कितीही वाढवा. आपल्याकडं लातूरसारख्या सहाशे मीटर उंचीच्या गावात तर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. हळद-तिखट या काळात सुरक्षित असतं. पाणी संपत आलं की उष्णतेला खायला काही उरत नाही आणि तापमान भराभर शंभराच्या वर चढतं. वास बदलतो तो याच वेळी. टोमॅटोचा हिरवट कच्चट वास देणारे रेणू वाफेबरोबर निघून गेलेले असतात, आणि साखर-प्रथिनांच्या खमंग क्रिया आता वेग घेतात. ज्यांनी लोणी कढवून तूप केलंय त्यांना आवाजाचा खेळ माहीत आहे. पाणी असतं तोवर कडकड, पाणी संपलं की शांत, आणि त्यानंतर दुर्लक्ष झालं तर बेरी काळी. मसाल्याचा आवाज मात्र उलटा चालतो. सुरुवातीला जड रटरट, मोठे बुडबुडे, अंगावर उडणारे शिंतोडे. शेवटी थेंबाएवढं उरलेलं पाणी गरम तेलात सापडतं आणि बारीक चरचर ऐकू येते. चरचर सुरू झाली की मिनिट-दोन मिनिटांत थांबायचं. तेल सुटणं ही शिजल्याची खूण आहे तशीच करपण्याआधीची धोक्याची घंटाही आहे. चुकून बुडाला लागायला लागलं तर दोन चमचे पाणी शिंपडा. तापमान लगेच खाली येतं आणि खालचा खमंग थर सुटून मसाल्यात मिसळतो.

डोळ्यानं ओळखायचं तर उलथण्यानं मधोमध रेघ ओढा. रेघ पाण्यानं भरली तर कच्चं आहे. रेघ तशीच राहिली आणि तिच्यात लाल तेल झिरपलं तर झालं. तेलाचा रंग बघणं महत्त्वाचं, कारण टोमॅटोचा लाल रंग आणि मिरचीचा लाल रंग हे दोन्ही तेलात विरघळणारे आहेत, पाण्यात नाहीत. तेल फिकट पिवळं दिसत असेल तर ते मसाल्यात मिसळलेलंच नाही, जास्त घातलं म्हणून कडेला आलंय. हॉटेलातल्या भाजीवरचा तेलाचा थर बघून "मस्त शिजलीय" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. आणि रस्स्यावर तर्री आली नाही म्हणून मीठ-मिरची ओवाळणारी मंडळी मी पाहिली आहेत. नजर नाही हो, घाईत पाणी ओतलं.

ते कसं, हे थोडं किचकट आहे, पण मला फार आवडतं. तेल सुटण्याआधीच रस्स्याचं पाणी ओतलं तर तेलाचे थेंब बारीक ते बारीकच राहतात. थेंबाचा पाण्यात वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. व्यास दहापट, तर वेग शंभरपट. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा थेंब साध्या पाण्यात तासाला जेमतेम दीड सेंटिमीटर चढतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब दहा सेंटिमीटरचा रस्सा चार मिनिटांत पार करतो. दाट रस्स्यात दोघंही याहून हळू. म्हणजे आधी पाणी घातलेला रस्सा रात्रभर ठेवला तरी गढूळ केशरीच दिसणार. तेल सुटल्यावर कढत पाणी घातलं, एक उकळी आणली आणि आच बंद करून दहा मिनिटं हात लावला नाही, की तर्री आपोआप वर. खळाखळा उकळत ठेवलात तर थेंब पुन्हा फुटतात.

भाचीकडं मात्र आणखी एक अडचण होती. तिनं तेलच एक चमचा घातलं होतं. साठ ग्रॅम चोथ्याला एक चमचा तेल म्हणजे कोरड्या भाकरीला बोट पुसल्यासारखं, ते कणांच्या अंगालाच चिकटून राहतं. असा मसाला पूर्ण शिजला तरी कडेला तेल येत नाही, फक्त चकाकी येते. तेव्हा तेलाची वाट न बघता रेघ, आवाज आणि वास यांवर भरवसा ठेवायचा. तिला सांगितलं, झाकण काढ, आच वाढव, गोळा कढईला न चिकटता एकत्र फिरायला लागला की काळं तिखट टाक, दोन वेळा परत आणि पाणी घाल.

वीस मिनिटांनी तिचा फोटो आला. कडेनं लालभडक तेल! खाली लिहिलं होतं, "सुटलं की मामा! एक चमच्यातच सुटलं." मी विचारलं, मध्ये काय घातलंस? "शेंगदाण्याचा कूट, तीन चमचे." शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. आता हे तेल मात्र खरंच मसाल्यातून निघालं होतं.