इस्फहानची स्तुती इंग्रजीत नेताना

इराणी शहराचे फारसी माहितीपत्रक इंग्रजीत आणायला बसले की अनुवादक आधी अडतो तो विशेषणांपाशी. इस्फहानच्या पत्रकाची सुरुवात साधारण अशी असते: ‘इराणभूमीचे फिरोजी रत्न, कला आणि सौंदर्याचे माहेरघर, फार पूर्वीपासून निस्फ-ए-जहान म्हणजे अर्धे जग म्हणून ख्यात असलेले, मनोहर आणि अतुलनीय इस्फहान आपल्या प्रिय पाहुण्यांच्या पावलांची वाट पाहत आहे.’ फारसी वाचकाला यात काही वावगे वाटत नाही. हेच इंग्रजीत शब्दाला शब्द उतरवले, तर परदेशी प्रवासी दुसऱ्या ओळीला पान उलटतो आणि पुढे दिलेल्या खऱ्या माहितीवरचाही त्याचा विश्वास उडतो.

फारसी गद्य मुळापासून असे नव्हते. अकराव्या शतकातला इतिहासकार बैहकी साधे, सरळ लिहितो. बाराव्या शतकापासून मात्र दरबारी मुन्शींचे वजन वाढले आणि राजपत्र लिहिण्याची कला, ‘इन्शा’, ही विद्वत्तेची कसोटी ठरली. सादीने 1258 मध्ये ‘गुलिस्तान’ लिहिले ते यमकबद्ध गद्यात. त्याच्या हातात ते गद्य हलके राहिले, पण पुढच्या पिढ्यांत मजकूर कमी आणि नक्षी जास्त झाली. एका अर्थाची दोन विशेषणे जोडीने लिहायची, नामाला नाम साखळीसारखे जोडत जायचे, ही सवय तेव्हाची. आजच्या पत्रकातले ‘भव्य आणि वैभवशाली’, ‘सुंदर आणि रमणीय’ हे जोड त्याच घराण्यातले आहेत.

एकोणिसाव्या शतकात इराणमध्येच याविरुद्ध पाऊल पडले. काइम-मकाम फराहानी या वजिराने सरकारी पत्रांची भाषा आटोपशीर केली; 1835 मध्ये शाहच्या हुकमाने त्याला मारले गेले, पण त्याची पत्रे पुढे नमुना म्हणून वाचली गेली. त्याच्याच घरात वाढलेल्या अमीर कबीरने पदव्यांची लांबण कमी करायला लावली आणि 1851 मध्ये सरकारी वृत्तपत्र सुरू केले. 1925 मध्ये तर मजलिसने, म्हणजे इराणच्या संसदेने, मानाच्या पदव्याच कायद्याने रद्द केल्या. कचेरीची भाषा अशी हळूहळू सुटसुटीत झाली. यजमान पाहुण्याशी बोलतो तिथे मात्र जुनी रीत टिकली, कारण तिथे कोरडे बोलणे इराणी माणसाला उद्धटपणाचे वाटते. पर्यटनाचे पत्रक नेमके त्या जागी उभे आहे.

ही स्तुती इंग्रजीत न्यायची की नाही, हा प्रश्न पर्यटनाच्या फार आधीचा आहे आणि तो हिंदुस्थानात आला होता. ईस्ट इंडिया कंपनीचा संस्थानिकांशी आणि दरबारांशी पत्रव्यवहार बराचसा फारसीत चाले. कंपनीच्या कारभारातून फारसी हटवण्याचा कायदा 1837 चा. या पत्रांचे इंग्रजी करताना अनुवादक सुरुवातीचे अल्काब, म्हणजे मानाच्या पदव्यांची लांबण, गाळत आणि त्या जागी ‘आफ्टर कॉम्प्लिमेंट्स’ एवढेच लिहून मुद्द्यावर येत. मराठी वाचकाला यातले दुखणे लगेच कळेल. आपल्या जुन्या पत्रांतही लांब मायना असे, मग ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहित जावे’ आणि ‘विशेष’ म्हटल्यावर खरा मजकूर. तो मायना रिकामा नव्हता. कोण कोणाला किती मान देतो, आधीच्या पत्रापेक्षा एखादी पदवी वाढली की घटली, हे त्यातूनच कळे. तो सरसकट कापला की माहितीही कापली जाई.

दुसरे टोक जेम्स मोरियरने दाखवले. हा ब्रिटिश राजनैतिक अधिकारी इराणमध्ये राहून आला आणि 1824 मध्ये त्याने इस्फहानच्या हाजीबाबावर कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यात इराणी बोलण्यातले अलंकार त्याने जवळजवळ जसेच्या तसे इंग्रजीत ठेवले आणि वाचक इराणी माणसाला हसले. म्हणून आज कोणी मूळ लेखकावरच्या आदरापोटी शब्दशः अनुवाद केला, तरी इंग्रजी कानाला त्यात मोरियरचा सूर ऐकू येतो. माझ्या मते शब्दशः अनुवादाविरुद्धचे सर्वांत जड कारण हेच आहे: ज्याने प्रेमाने लिहिले, त्याचेच हसे होते. इंग्रजी पर्यटनलेखन अतिशयोक्तीपासून मुक्त आहे असे नाही. पण 1836 पासून निघालेल्या मरे या इंग्रज प्रकाशकाच्या आणि पुढे बेडेकर या जर्मन प्रकाशकाच्या प्रवास-मार्गदर्शिकांनी त्या वाचकाला एक सवय लावली. स्तुतीच्या आधी त्याला वर्ष, माप आणि पाहण्याचे कारण हवे असते.

मग इस्फहानच्या पत्रकाचे काय करायचे? प्रत्येक विशेषणाला विचारायचे, तुझ्यामागे पाहता येण्यासारखे काही आहे का? ‘अतुलनीय, भव्य मैदान’ यातली दोन्ही विशेषणे जातात आणि त्यांच्या जागी नक्श-ए-जहान मैदान सुमारे 560 मीटर लांब आणि 160 मीटर रुंद आहे, पहिल्या शाह अब्बासने ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीला उभारले आणि 1979 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले, हे येते. मोठेपणा आता वाचकाला स्वतःच दिसतो. ‘निस्फ-ए-जहान’ गाळायचे नाही, कारण ती जुनी म्हण आहे. ‘इराणी लोक या शहराला अर्धे जग म्हणतात’ असे लिहिले की दावा पत्रकाचा न राहता लोकांचा होतो. ‘पावलांची वाट पाहत आहे’ याचे स्वागताचे एक छोटे वाक्य पुरते. ते पूर्ण काढले तर यजमान गप्प बसल्यासारखा वाटतो.

खरी जोखीम पुढे आहे. शेख लुत्फुल्ला मशिदीबद्दल ‘जिचा घुमट सूर्याबरोबर रंग बदलतो’ असे वाक्य येते. कापाकापीच्या भरात ते पहिले उडते. पण ते खरे आहे. या घुमटाची जमीन निळी नसून मलईच्या रंगाची आहे आणि उन्हाप्रमाणे तो पिवळसर ते गुलाबी दिसतो. सकाळी आणि संध्याकाळी पाहावा, अशी सूचना जोडून ते वाक्य ठेवले पाहिजे. तेच मैदानाच्या दक्षिणेकडील शाही मशिदीचे, जिचे क्रांतीनंतरचे नाव इमाम मशीद. ‘जिच्या घुमटाखाली आवाजाला पंख फुटतात’ हे काव्य वाटते, पण मुख्य घुमटाच्या मध्याखाली टाळी वाजवली की प्रतिध्वनी अनेकदा ऐकू येतो.

उलट साधी वाटणारी विधाने फसवतात. चेहेल सुतून म्हणजे चाळीस खांब. प्रत्यक्षात दर्शनी मंडपाला वीस आहेत आणि नावाचा उलगडा समोरच्या तलावातल्या त्यांच्या प्रतिबिंबाने केला जातो. हे न सांगता नुसते ‘चाळीस खांबांचा महाल’ लिहिले, तर पर्यटक मोजून तक्रार करतो. आणि ‘जीवनदायी, खळाळती जायंदेरूद’ हे तर आता तपासल्याशिवाय छापूच नये. दुष्काळ आणि पाण्याच्या उपशामुळे या नदीचे पात्र इस्फहानात अलीकडे बराच काळ कोरडे असते. तेहतीस कमानींचा सी-ओ-से पूल तेव्हाही पाहण्यासारखा आहे, पण खाली पाणी असेल असे वचन देता येत नाही. इथे अनुवादकाने स्वतः वाक्य बदलू नये. पत्रक काढणाऱ्या कार्यालयाला नदीची सध्याची स्थिती लेखी विचारावी आणि उत्तर येईपर्यंत तो परिच्छेद राखून ठेवावा.

पत्रकाच्या सुरुवातीला एखाद्या अधिकाऱ्याचे सहीचे मनोगत असले, तर त्याला वेगळा नियम लावावा लागतो. ते एका माणसाचे बोलणे आहे. त्यातली जोडविशेषणे एकेरी करावीत, वाक्ये तोडावीत, पण त्याने केलेली शहराची स्तुती त्याच्या नावावर राहू द्यावी. आकडे आणि मापे पुढच्या पानापासून सुरू करावीत.