सॉकेटमधील वाकलेल्या पिना : दुरुस्ती कितपत शक्य?

प्रोसेसर बदलताना मदरबोर्डच्या पिना वाकण्याची तक्रार आज नाशिकच्या दुरुस्तीच्या दुकानांत नवी नाही, पण तिचे मूळ 2004 मध्ये आहे. तोपर्यंत इंटेलच्या प्रोसेसरच्या पोटाशी सरळ पिना असत आणि सॉकेटला केवळ छिद्रे असत. त्या वर्षी आलेल्या एलजीए 775 सॉकेटने ही मांडणी उलटी केली. प्रोसेसरखाली सपाट सोनेरी ठिपके उरले आणि पिना बोर्डावर आल्या. एएमडीने घरगुती संगणकांसाठी हाच मार्ग 2022 मध्ये, एएम5 सॉकेटपासून धरला.

दुरुस्तीच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. जुनी पीन ताठ काडीसारखी असल्याने पातळ पात्याने ओळीत आणता येई. सॉकेटमधील पीन मात्र मुद्दाम तिरकी ठेवलेली बारीक स्प्रिंग असते, त्यामुळे ती नुसती उभी करून भागत नाही. तिचा मूळ कल आणि उंची दोन्ही परत मिळवावी लागतात.

सिडकोतील एका विद्यार्थ्याने एलजीए 1700 बोर्डावर नवा प्रोसेसर बसवला. संगणक सुरू झाला, पण 8 जीबीच्या दोन पट्ट्या असूनही मेमरी 8 जीबीच दिसू लागली. दोन्ही पट्ट्या एका चॅनलच्या स्लॉटमध्ये आळीपाळीने चालत होत्या आणि दुसऱ्या चॅनलमध्ये एकही चालत नव्हती, म्हणजे दोष पट्टीचा नव्हता. कूलरचा दाब असमान पडला तरी असेच घडते; म्हणून आधी तो सैल करून पुन्हा बसवून पाहिला, तरी फरक पडला नाही. प्रोसेसर काढून सॉकेटवर तिरपा उजेड टाकल्यावर चकाकणाऱ्या टोकांच्या ओळीत दोन ठिपके सरकलेले दिसले. प्रोसेसर ठेवताना त्याचा कोपरा तिथे घासला असावा.

दुरुस्ती करणाऱ्याने वीज तोडून, भिंगाखाली, बारीक सुईने प्रत्येक पीन थोडी थोडी हलवली आणि शेजारच्या पिनांशी ती चारही बाजूंनी ताडून पाहिली. अर्ध्या तासाने 16 जीबी मेमरी दिसू लागली. येथे घाई करणे मला घातक वाटते, कारण तीच पीन दोन-तीनदा मागेपुढे वाकवली की धातू थकतो आणि तुटतो. शेजारच्या पिनेला टेकलेली पीन तशीच ठेवून वीज देऊ नये. नवा प्रोसेसरही गमावण्याची भीती असते.

तुटलेल्या पिनेचे भवितव्य तिच्या कामावर ठरते. जमिनीच्या जोडणीच्या पिना अनेक असतात, त्यामुळे त्यांतील एखादी गेली तरी संगणक बहुधा चालतो. मेमरीची किंवा ग्राफिक्स कार्डाची संकेतवाहिनी गेली, तर तो स्लॉट किंवा चॅनल जातो. पूर्ण सॉकेट बदलणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असले, तरी तो शेकडो सूक्ष्म डागांनी बोर्डाला जोडलेला असतो आणि त्यासाठी खास तापयंत्र लागते, म्हणून स्वस्त बोर्डासाठी तो खर्च परवडत नाही. वाकलेल्या पिना सहसा वॉरंटीतही बसत नाहीत. दोन-चार पिना वाकल्या असतील तर प्रयत्न करावा. एखादा भाग चेपलाच असेल, तर नवा बोर्ड घ्यावा.