अठ्ठेचाळीस खांब की चार रेघा?

समजा, एका कूलर कंपनीचे चार विभाग आहेत: नागपूर, संभाजीनगर, पुणे आणि कोकण. वर्षाअखेरीस सर्वांची महिनावार विक्री एका चित्रात मांडायची आहे. बहुतेक जण सवयीने शाळेतला जोडस्तंभालेख निवडतात, म्हणजे प्रत्येक महिन्यापाशी चार रंगांचे चार खांब. बारा चोक अठ्ठेचाळीस. चित्र भरगच्च दिसतं, पण नागपूरची विक्री कधी चढली आणि कधी उतरली हे त्यात शोधायला गेलं, की नजरेला दर वेळी मधले तीन परके खांब ओलांडून पुढच्या निळ्या खांबावर उडी मारावी लागते.

डोळा शेजाऱ्यांची तुलना पटकन करतो, लांबच्यांची नाही. जोडस्तंभालेखात एकाच महिन्यातले चार विभाग शेजारी असतात, म्हणून ‘मे महिन्यात पुढे कोण?’ याचं उत्तर चटकन मिळतं. रेषालेखात एकाच विभागाचे लागोपाठचे महिने जोडलेले असतात, त्यामुळे चढउतार आपोआप दिसतो. बारा महिने आणि चार विभाग असतील, तर मी डोळे झाकून रेषालेख घेईन. तिमाहीच्या चारच आकड्यांत विभागांची उंची ताडून पाहायची असेल, तर खांब बरे.

गंमत म्हणजे स्तंभालेखाचा जन्मच नाइलाजातून झाला. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापले. त्यात काळाबरोबर बदलणारी आयात-निर्यात रेघांनी दाखवली होती. स्कॉटलंडची आकडेवारी मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाची, १७८०-८१ची होती. एका वर्षाची रेघ कशी ओढणार? म्हणून त्याने सतरा देशांसाठी आडवे पट्टे काढले आणि वर हा आलेख बाकीच्यांपेक्षा कमी उपयोगाचा आहे असंही लिहून ठेवलं, कारण त्यात काळच नव्हता.

पण रेघांचीही एक खोड आहे, आणि ती प्लेफेअरच्याच एका आलेखात सापडते. इंग्लंड आणि ईस्ट इंडिजमधल्या व्यापाराच्या त्या आलेखात आयात आणि निर्यात अशा दोन रेघा आहेत. १७६० नंतर लगेचच दोन्हींतलं अंतर झपाट्याने वाढून पुन्हा कमी झालं, पण चित्रात ते जाणवतच नाही. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या अमेरिकी संशोधकांनी १९८४ साली याकडे लक्ष वेधलं. दोन रेघांमधलं अंतर आपण उभं मोजायला हवं, पण डोळा मात्र सर्वांत जवळचं, तिरपं अंतर पकडतो. रेघा उभ्या चढत असतील, तर त्या एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटतात.

कूलरचा उन्हाळा नेमका असाच चढतो. नागपूरची विक्री मार्चमध्ये ७००, एप्रिलमध्ये १,३०० आणि मेमध्ये १,४०० धरू, तर संभाजीनगरची ४५०, १,०५० आणि १,२००. मार्च आणि एप्रिलमध्ये फरक २५०चा, मेमध्ये २००चा. तरी मार्च ते एप्रिलच्या उभ्या चढात रेघा अगदी जवळ दिसतात आणि पुढे मेकडे सपाट झाल्यावर लांब. बघणारा म्हणणार, ‘मेमध्ये नागपूरने आघाडी वाढवली.’ प्रत्यक्षात ती घटलेली असते. विभागांमधला फरक हाच मुद्दा असेल, तर सरळ वजाबाकी करून त्या फरकाचीच वेगळी रेघ काढावी.

विभाग सात-आठ झाले, की रेघांचाही शेवयांसारखा गुंता होतो. अशा वेळी प्रत्येक विभागाला छोटी चौकट द्यायची, त्यात त्याची रेघ ठळक आणि बाकीच्या फिकट करड्या ठेवायच्या. फक्त उभा अक्ष सगळ्या चौकटींत एकच हवा. प्रत्येक चौकटीचा अक्ष सॉफ्टवेअरला आपापला ठरवू दिला, तर कोकणातले ८० कूलर नागपूरच्या १,४०० इतकेच उंच दिसतील.

अक्षाचा आणखी एक नियम आहे. खांबाची लांबी हाच आकडा असतो, म्हणून तो शून्यापासूनच सुरू व्हायला हवा. अक्ष १,००० पासून सुरू केला, तर १,४०० चा खांब १,२०० च्या खांबाच्या दुप्पट दिसतो. रेघेत आपण चढ वाचतो, तिथे शून्य नसलं तरी चालतं.

रेघेचा शेवटचा धोका म्हणजे रिकामा महिना. कोकणातून जुलैचा आकडा आलाच नाही, तर जून आणि ऑगस्ट जोडणारी रेघ न आलेला जुलै बेमालूम भरून काढू शकते. एक्सेलमध्ये `Select Data` मधल्या `Hidden and Empty Cells` खाली `Gaps`, `Zero` आणि `Connect data points with line` असे तीन पर्याय आहेत. इथे `Gaps` निवडा, म्हणजे रेघ तुटलेली दिसेल. आकड्याच्या जागी कुणी ‘माहिती नाही’ असे शब्द टाइप केले असतील, तर मात्र एक्सेल तो शून्य धरतं आणि कोकणची रेघ जुलैत तळाला टेकते. अशी अचानक तळाला गेलेली रेघ दिसली, की आधी तो कप्पा उघडून बघावा आणि मग विभागप्रमुखांना फोन लावावा.