परदेशी स्थायिक होण्यापूर्वीचे टॅक्स क्लिअरन्स प्रमाणपत्र: कोणाला लागते आणि कशामुळे अडते

कॅनडा, जर्मनी किंवा ऑस्ट्रेलियात कायमचे जाण्याची तयारी करणाऱ्या पुण्यातील अनेक कुटुंबांची अशी समजूत झालेली आहे की, आयकर खात्याचा ‘काही देणे नाही’ असा दाखला हातात असल्याशिवाय विमानतळावरून बाहेर पडता येत नाही. ही समजूत चुकीची आहे. आयकर कायदा, १९६१ च्या कलम २३० (१ए) मध्ये अशा प्रमाणपत्राची तरतूद होती, आणि २०२४ च्या अर्थसंकल्पाने तिच्यात काळा पैसा कायदा, २०१५ खालील देण्यांची भर घातल्यावर ही चर्चा वाढली. परंतु त्याच वर्षी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केले की हे प्रमाणपत्र सर्वांना लागत नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदललेले आहेत. येथे जुनेच क्रमांक दिले आहेत, कारण जुन्या वर्षांच्या नोटिसा आणि आदेशांवर तेच असतात. अर्ज करताना मात्र त्या दिवशी लागू असलेला नमुना पाहूनच भरावा.

भारतात कायमचे घर असलेल्या व्यक्तीला हे प्रमाणपत्र कधी मागता येते, हे मंडळाच्या फेब्रुवारी २००४ मधील सूचनेत सांगितलेले आहे. पहिली परिस्थिती अशी की, ती व्यक्ती गंभीर आर्थिक गैरव्यवहारात गुंतलेली आहे, तपासासाठी तिची उपस्थिती आवश्यक आहे आणि तिच्यावर कराची मागणी निघण्याची शक्यता आहे. दुसरी अशी की, तिच्याकडे प्रत्यक्ष कराची १० लाख रुपयांहून अधिक थकबाकी आहे आणि तिला कोणत्याही प्राधिकाऱ्याने स्थगिती दिलेली नाही. या परिस्थितीतही अधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि प्रधान मुख्य आयकर आयुक्त किंवा मुख्य आयकर आयुक्त यांची पूर्वसंमती घ्यावी लागते. नमुना ३०सी हा प्रमाणपत्राचा अर्ज नव्हे. त्यात पॅन, प्रवासाचे कारण आणि परदेशातील मुक्कामाचा अंदाजे कालावधी एवढीच माहिती द्यायची असते. नोकरीसाठी भारतात आलेल्या परदेशी नागरिकांसाठी वेगळी वाट आहे: त्यांच्या कराची हमी नियोक्ता नमुना ३०ए मध्ये देतो आणि त्यावर नमुना ३०बी मधील ना-हरकत मिळते.

पुण्यातील नोकरदारांच्या बाबतीत खरा अडथळा बहुधा दुसऱ्या परिस्थितीतून येतो, आणि तोही बऱ्याचदा स्वतःला ठाऊक नसलेल्या मागणीमुळे. एक उदाहरण घेऊ. कोथरूडच्या एका अभियंत्याने २००८-०९ मध्ये १५ लाखांना घेतलेला प्लॉट २०१७-१८ मध्ये ४२ लाखांना विकला. विवरणपत्रात त्याने फक्त पगार दाखवला. ३० लाख आणि त्यावरील स्थावर व्यवहारांची माहिती तेव्हा निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याला जातच असे, त्यामुळे त्याचे प्रकरण पुन्हा उघडले गेले. नोटिसा मात्र जुन्या कंपनीच्या ई-मेलवर गेल्या. उत्तर न आल्याने अधिकाऱ्याने मार्च २०२३ मध्ये खरेदीची किंमत वजा न करता पूर्ण ४२ लाखांवर २० टक्के कर आकारला. उपकरासह तो ८,६५,२०० रुपये झाला आणि कलम २३४बी खालील ६० महिन्यांचे व्याज ५,१९,१२० रुपये, म्हणजे एकूण मागणी १३,८४,३२० रुपयांची निघाली. महागाई निर्देशांकाने (१३७ वरून २७२) खरेदीची किंमत सुमारे २९.७८ लाख धरली असती, तर नफा १२.२२ लाखांच्या आसपास आला असता आणि कर व व्याज मिळून देणे सुमारे ४ लाख रुपये झाले असते. पण आदेश दुरुस्त होईपर्यंत खात्याच्या नोंदीत त्याची थकबाकी १३.८४ लाखांचीच राहते, आणि म्हणून तो १० लाखांच्या रेषेपलीकडे जातो.

हे शोधण्यासाठी incometax.gov.in वर प्रवेश करून Pending Actions खाली Response to Outstanding Demand उघडावे. तेथे प्रत्येक वर्षाची मागणी दिसते. व्हिसा मिळाल्यावर नव्हे, तर व्हिसाचा अर्ज करण्याआधीच हे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण पुढची पावले आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावी लागतात.

वरील अभियंत्याने पहिले काम म्हणजे पोर्टलवर मागणी अमान्य असल्याचे कारणासह नोंदवावे. परंतु तेवढ्याने काहीही थांबत नाही. निर्देशांकाचा लाभ न मिळणे ही कलम १५४ खालील दुरुस्तीत बसणारी उघड चूक नाही. तिच्यासाठी नमुना ३५ मध्ये आयकर आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करावे लागते. मुदत मागणीच्या नोटिशीपासून ३० दिवसांची असते, म्हणून उशीर झाला असेल तर जुन्या ई-मेलचा पुरावा जोडून विलंबमाफीचा अर्जही द्यावा लागतो.

येथे सर्वाधिक फसगत होते, ती अशी की अपील दाखल झाले म्हणजे थकबाकी थांबली, असे लोक समजतात. अपील ही स्थगिती नव्हे. स्थगितीसाठी निर्धारण अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि मंडळाच्या जुलै २०१७ च्या निर्देशांनुसार सर्वसाधारणपणे वादग्रस्त मागणीच्या २० टक्के रक्कम भरल्यावर ती मिळते. या उदाहरणात ती रक्कम सुमारे २,७७,००० रुपये होते. चलनाची प्रत आणि लेखी स्थगिती आदेश हेच कागद पुढे कामाला येतात. अधिकाऱ्याचे तोंडी आश्वासन कोठेही चालत नाही. स्थगिती मिळाली तरी, मागणी कायम राहिल्यास कलम २२० (२) खाली दरमहा १ टक्का व्याज धावतच असते, २० टक्के भरल्यावर उरलेल्या सुमारे ११.०७ लाखांवर ते महिन्याला सुमारे ११,०७० रुपये होते.

आता मुळातच प्रमाणपत्र मागितले गेले असेल, तर अर्ज नमुना ३१ मध्ये द्यायचा असतो आणि प्रमाणपत्र नमुना ३३ मध्ये मिळते. अर्जासोबत पॅन, पासपोर्ट, व्हिसा, अलीकडची विवरणपत्रे, संबंधित वर्षांचे आदेश व मागणीच्या नोटिसा, भरलेली चलने, अपिलाची पोच आणि स्थगितीचा आदेश असे कागद वर्षवार लावून द्यावेत. पुण्यात प्रधान मुख्य आयुक्तांचे कार्यालय सॅलिसबरी पार्क येथील बोधी टॉवरमधील आयकर सदनात आहे. पण अर्ज कोणाकडे द्यायचा हे आपले कार्यक्षेत्र कोणत्या निर्धारण अधिकाऱ्याकडे आहे यावर ठरते, आणि ते पोर्टलवर पॅनच्या माहितीत दिसते. सर्व देणे फेडलेलेच असले पाहिजे असे नाही. रक्कम भरण्याची समाधानकारक व्यवस्था, उदाहरणार्थ बँक हमी, दाखवूनही प्रमाणपत्र मिळू शकते.

काय तपासले जाते, याची कक्षा मर्यादित आहे. आयकर, जुना संपत्ती कर, भेट कर, खर्च कर आणि काळा पैसा कायद्याखालील देणी एवढीच त्यात येतात. महानगरपालिकेचा मिळकत कर, सोसायटीची थकबाकी किंवा गृहकर्जाचा हप्ता यांचा या प्रमाणपत्राशी संबंध नाही. बँकेच्या किंवा फौजदारी प्रकरणात विमानतळावर अडवले जाते ते लुकआउट सर्क्युलरमुळे, आणि ती यंत्रणा वेगळी आहे. आयकराचा दाखला दाखवून ती उठत नाही.

हिंजवडी-खराडीच्या नोकरदारांनी एक गोष्ट मात्र स्वतंत्रपणे पाहावी. परदेशी मूळ कंपनीचे शेअर नावावर असून ते विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत दाखवले नसतील, तर काळा पैसा कायद्याखाली त्या विवरणपत्रासाठी १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर वगळता अशा मालमत्तेचे एकूण मूल्य २० लाखांपर्यंत असल्यास हा दंड लागत नाही. त्याहून अधिक शेअर असतील, तर गेल्या प्रत्येक वर्षाची अनुसूची सनदी लेखापालासोबत बसून तपासावी, आणि विवरणपत्र सुधारण्याची मुदत शिल्लक असलेल्या वर्षांचे विवरणपत्र निघण्यापूर्वीच सुधारून घ्यावे.