आधारचा ओटीपी भलत्याच नंबरवर जातोय? नंबर बदलण्याची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीने २०२५ मध्ये घरोघरी एक जुनी भानगड उघडी पाडली. बाईचा स्वतःचा आधार क्रमांक टाकला, ओटीपी आला, पुढे सरकलं. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा, आणि त्यांचा ओटीपी गेला कुठल्यातरी अशा नंबरवर जो घरात कुणाच्याच ओळखीचा नाही. स्क्रीन तिथेच थांबते. पुन्हा पुन्हा ओटीपी मागवून काही होत नाही, कारण तो रोज त्याच परक्या माणसाच्या फोनवर पडतो.

हा नंबर येतो कुठून? बहुतेक वेळा तो आपलाच जुना असतो. रिचार्ज बंद पडलं, सिम निष्क्रिय झालं आणि कंपनीने तो नंबर दुसऱ्याला दिला. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देता येत नाही, पण त्यानंतर तो नव्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. आधारच्या नोंदीला याचा पत्ता नसतो. दुसरं कारण आधारच्या पहिल्या शिबिरांच्या काळातलं. घरात फोनच नव्हता, म्हणून शेजाऱ्याचा, दुकानदाराचा नाहीतर फॉर्म भरून देणाऱ्याचा नंबर टाकला गेला आणि पुढे सगळे विसरले.

आधी नंबर कुठला आहे ते बघा. myaadhaar.uidai.gov.in वर Check Aadhaar Validity हा पर्याय आहे. त्यात आधार क्रमांक आणि कॅप्चा टाकला की वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे फक्त शेवटचे तीन अंक दिसतात. लॉगिन लागत नाही. मोबाइलच्या जागी काहीच नसेल, तर नंबर जोडलेलाच नाही. तीन अंक ओळखीचे वाटले, तर त्याच संकेतस्थळावर ईमेल किंवा मोबाइल पडताळण्याची सोय आहे, तिथे पूर्ण नंबर टाकून खात्री करा. कित्येकदा तो गावी असलेल्या भावाचा निघतो. मग पहिला ओटीपी फोनवर विचारून घेता येतो. पण नंबर पुढे आपला करून घ्याच, दरवेळी भाऊ रेंजमध्ये असेलच असं नाही.

जुनं सिम नुकतंच हरवलं असेल आणि ते तुमच्याच नावावर असेल, तर केंद्रात जाण्याआधी मोबाइल कंपनीच्या दुकानात जा. ओळखपत्र दाखवून त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम मिळतं आणि गाडी तिथेच मार्गी लागते. बंद पडलेला नंबर अजून दुसऱ्याला गेला नसेल तरीही तिथेच विचारा. दुसऱ्याला गेला असेल, तर तो विषय सोडा. आणि त्या माणसाला फोन करून ओटीपी मागू नका; तो फसवणूक समजून फोन ठेवेल, आणि ते बरोबरच आहे.

आता मूळ काम. मोबाइल नंबर बदलण्याला पात्रता म्हणाल, तर आधार ज्याचं त्याने स्वतः हजर राहायचं, एवढंच. बायको नवऱ्याच्या वतीने जाऊ शकत नाही, मुलगा आईच्या वतीने नाही, कारण बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळं जुळवून बघितली जातात. कागदपत्र एकही लागत नाही. नंबरचं बिल, सिमची पावती, रेशनकार्ड, कशाचीच गरज नाही. फक्त आधार क्रमांक आणि नवा नंबर लागतो. तो फोन सोबत आणि चालू ठेवा. नंबर त्याच व्यक्तीच्या नावावर असायला हवा असंही नाही, आणि एकच नंबर घरातल्या अनेकांच्या आधारला जोडता येतो. सासूबाईंच्या आधारला सुनेचा नंबर चालतो. मात्र तो कायम वापरात राहणारा द्या, ऑफर संपली की फेकायचा नको.

संकेतस्थळावर हा बदल होत नाही, त्यामुळे आधार सेवा केंद्र, बँक किंवा पोस्टातलं आधार केंद्र गाठायचं. देशातलं कुठलंही चालतं. सांगोल्याच्या बाईचा नवरा सुरतेला कामाला असेल, तर त्याला गावी यायची गरज नाही. त्याने सुरतेतल्याच केंद्रात जावं. पत्ता महाराष्ट्राचा असला तरी फरक पडत नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमनही मोबाइल नंबर जोडण्याचं काम घरी येऊन करतात. म्हाताऱ्या माणसांसाठी हे सोयीचं, आधी जवळच्या पोस्टात विचारून घ्या.

केंद्रातलं शुल्क १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे, आधी ५० होतं. पावती घ्या, जास्त पैसे मागितले तर १९४७ वर तक्रार करता येते, तिथे मराठीतही बोलतात. ऑपरेटर नंबर टाइप करतो तेव्हा तुमच्याकडे वळवलेल्या स्क्रीनवर तो अंकाअंकाने वाचा. एक अंक चुकला की पुन्हा एक परका माणूस, पुन्हा ७५ रुपये आणि पुन्हा वाट बघणं. पावतीवर १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि शेजारी तारीख-वेळ सेकंदासकट असते. स्थिती तपासायला या दोन्ही गोष्टी लागतात, म्हणून पावतीचा फोटो काढून ठेवा. नंबर अपडेट व्हायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात, बरेचदा खूप आधीच होतं. झालं की नाही ते पुन्हा त्या तीन अंकांवरूनच कळेल. नवं कार्ड छापून घ्यायची गरज नाही, कारण नंबर कार्डावर नसतोच आणि आधार क्रमांकही बदलत नाही.

ऊस तोडणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या माणसांचे ठसे घासलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. अशा वेळी ‘उद्या या’ ऐकून परत फिरू नका, बुबुळांचं स्कॅनिंग करा म्हणून सांगा. ठसे कायमच जुळत नसतील तर बायोमेट्रिक अपडेटच करून घ्या. त्याचं शुल्क १२५ रुपये आहे, आणि त्याच वेळी मोबाइल बदलला तर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

मुदत उद्याची असेल आणि नंबर अजून बदलला नसेल, तर त्या कामाला ओटीपीशिवाय दुसरा रस्ता आहे का ते बघा. पीएम-किसानची ई-केवायसी सीएससी केंद्रात अंगठ्याने होते, किंवा मोबाइलवर चेहरा दाखवूनही. हयातीचा दाखला देणाऱ्या पेन्शनरांनाही चेहऱ्याची पडताळणी चालते. जिथे फक्त ओटीपीच मागतात, तिथे मात्र नंबर बदलण्याला पर्याय नाही. ‘व्हॉट्सअॅपवर आधार पाठवा, घरबसल्या नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्याला आधार क्रमांक पाठवू नका.

आणखी एक घोळ नेहमी होतो. आधारला नंबर बदलला म्हणून बँकेतला नंबर बदलत नाही. आधारला जोडलेला मोबाइल, बँक खात्याला जोडलेला मोबाइल आणि अनुदानासाठी बँक खात्याला जोडलेला आधार या तीन वेगळ्या नोंदी आहेत. ई-केवायसी पार पडूनही पैसे आले नाहीत, तर तिसरी नोंद बँकेत जाऊन तपासा. आणि जुना नंबर आता परक्याकडे असेल, तर बँकेतूनही तो त्याच आठवड्यात काढून टाका, कारण पैशांचे मेसेज अजून त्यालाच जात असतील.